मागे फिरता येईल असे रिटचिंग: एका नवरीच्या फोटोवरून लेयर, मास्क आणि स्मार्ट ऑब्जेक्टची मांडणी

फोटोशॉपमध्ये केलेले काम Ctrl+Z दाबून मागे घेता येते, पण ते फाइल उघडी असेपर्यंतच. हिस्टरी पॅनेल सुरुवातीला फक्त शेवटच्या 50 पायऱ्या लक्षात ठेवते, आणि हीलिंग ब्रशचा प्रत्येक फटकारा ही एक पायरी असल्यामुळे कपाळावरचे डाग काढतानाच ती संपून जाते. फाइल बंद केल्यावर तर काहीच उरत नाही. ग्राहकाचा फोन मात्र महिनाभराने येतो. त्या वेळी नेमकी एकच दुरुस्ती काढून टाकायची आणि बाकीच्या तशाच ठेवायच्या, हे शक्य व्हायचे असेल तर त्याची सोय फाइलच्या मांडणीतच करावी लागते.

बहुतेक जण ‘वेगळ्या लेयरवर काम करा’ एवढा नियम शिकतात आणि तिथेच थांबतात. तो नियम बरोबर असला तरी पुरेसा नाही, कारण लेयर वेगळा असूनही तो खालच्या लेयरच्या रंगावर अवलंबून असू शकतो. तसा तो असेल, तर खालचे काही बदलताच वरची दुरुस्ती ठिगळासारखी उघडी पडते. म्हणून या लेखात भर आहे तो लेयरच्या क्रमावर: कोणता लेयर कोणाच्या वर असावा, आणि कोणता बदल कोणत्या टप्प्यानंतर करू नये.

उदाहरण म्हणून लग्नातला एक फोटो घेऊ. नऊवारीतली नवरी आहे, कमरेपर्यंतची चौकट आहे, नाकात नथ आणि कपाळावर मुंडावळ्या आहेत. मानेवर आणि कानामागे हळदीचा पिवळेपणा राहिला आहे, हनुवटीवर एक ताजी पुटकुळी आहे, वरच्या ओठाजवळ तीळ आहे, फ्लॅशमुळे कपाळ चमकते आहे आणि खांद्यावरची जर पांढरी फटक पडली आहे. कॅमेरा 24 मेगापिक्सेलचा आहे आणि फाइल रॉ आहे. पुढे Ctrl आणि Alt असे जिथे लिहिले आहे तिथे मॅक वापरणाऱ्यांनी Cmd आणि Option समजावे.

पाया: रॉ फाइल स्मार्ट ऑब्जेक्ट म्हणून उघडणे

रॉ फाइल कॅमेरा रॉमध्ये उघडल्यावर खाली Open असे बटण दिसते. Shift दाबून धरल्यास त्याच जागी Open Object येते. ते दाबले की फोटो साध्या पिक्सेल लेयरऐवजी स्मार्ट ऑब्जेक्ट म्हणून उघडतो, म्हणजे मूळ रॉ फाइल आणि तिच्यावरच्या सेटिंग्ज पीएसडीच्या पोटात जशाच्या तशा राहतात. लेयरच्या थंबनेलवर डबल क्लिक केले की कॅमेरा रॉ पुन्हा उघडते आणि व्हाइट बॅलन्सपासून सगळे स्लायडर पूर्वीच्या जागी सापडतात.

फोटो जेपेगच असेल तर लेयरवर राइट क्लिक करून Convert to Smart Object निवडावे आणि नंतर Filter मेनूतून Camera Raw Filter लावावे. बहुतेक स्लायडर तेच दिसतात आणि परत उघडताही येतात, मात्र जेपेगमध्ये जरीचा तपशील नष्टच झाला असेल तर तो इथून परत मिळत नाही. रॉ फाइलमध्ये तो बऱ्याचदा शिल्लक असतो.

आपल्या फोटोसाठी कॅमेरा रॉमध्ये फक्त त्वचेचा प्रकाश आणि व्हाइट बॅलन्स ठरवावा, लेन्सची दुरुस्ती करावी आणि तिथे क्रॉप करू नये. जरीकडे या टप्प्यावर दुर्लक्ष केले तरी चालते. क्रॉप नंतर फोटोशॉपच्या क्रॉप टूलने करावा आणि त्या वेळी वरच्या पट्टीतील Delete Cropped Pixels ची खूण काढलेली आहे याची खात्री करावी. ती खूण असेल तर चौकटीबाहेरचा भाग कायमचा जातो, नसेल तर Image > Reveal All ने तो केव्हाही परत येतो.

इथे एक गोष्ट पक्की करून पुढे जावे. हीलिंगचे काम सुरू झाल्यानंतर या रॉ स्मार्ट ऑब्जेक्टचे एक्सपोजर किंवा व्हाइट बॅलन्स बदलायचा नाही. तो बदलता येतो, पण बदलू नये, आणि त्याचे कारण पुढच्याच पायरीत आहे.

डाग काढणे: रिकामा लेयर, आणि नमुना कुठून घ्यायचा

स्मार्ट ऑब्जेक्टवर थेट हीलिंग ब्रश चालत नाही. चालवायला गेल्यास तो आधी रास्टराइझ करावा लागेल असा संदेश येतो. त्याला होकार दिला की रॉ फाइलशी असलेला संबंध तुटतो, त्यामुळे तिथे नेहमी नकारच द्यावा. त्याऐवजी वर एक नवा रिकामा लेयर घ्यावा, त्याला ‘डाग’ असे नाव द्यावे, हीलिंग ब्रश निवडावा आणि वरच्या पट्टीत Sample या ठिकाणी Current & Below ठेवावे. ब्रश आता खालच्या फोटोतून नमुना घेतो, पण दुरुस्ती रिकाम्या लेयरवर उमटवतो.

ही दुरुस्ती म्हणजे प्रत्यक्षात काय, हे समजून घ्यावे. हनुवटीवरच्या पुटकुळीच्या जागी उमटलेला तुकडा ही त्या क्षणी खाली दिसणाऱ्या त्वचेची रंगासकट घेतलेली नक्कल असते. खालचा फोटो नंतर अर्धा स्टॉप उजळला, तर नक्कल मात्र जुन्याच उजेडात राहते आणि हनुवटीवर गडद ठिपका दिसू लागतो. चेहऱ्यावर अशा चाळीस दुरुस्त्या असतील तर चेहरा ठिपक्याठिपक्यांचा होतो. रॉ आधी ठरवून टाका असे वर म्हटले ते याचसाठी. आणि याचसाठी उजेड, रंग, कॉन्ट्रास्ट यांचे सगळे अॅडजस्टमेंट लेयर हीलिंगच्या वरच असावेत: ते वर असले की त्वचेवर आणि नकलेवर सारखाच परिणाम करतात आणि केव्हाही बदलले तरी जोड दिसत नाही.

Sample मध्ये All Layers ठेवल्यास याच्या उलट गोंधळ होतो. ब्रश वरच्या अॅडजस्टमेंट लेयरने उजळलेला रंग उचलतो, तो खालच्या ‘डाग’ लेयरवर ठेवतो, आणि वरचा लेयर त्याला दुसऱ्यांदा उजळतो. ब्रश उचलताच तुकडा आजूबाजूपेक्षा फिकट दिसला तर शंभरात नव्वद वेळा कारण हेच असते. स्पॉट हीलिंग ब्रशला मात्र Sample All Layers हीच सोय वापरावी लागते. म्हणून तो वापरताना वरचे अॅडजस्टमेंट लेयर डोळ्याच्या खुणेवर क्लिक करून तात्पुरते बंद करणे सुरक्षित.

पुटकुळी आणि तीळ एकाच लेयरवर काढू नयेत. आठवड्यात जाणारे आणि माणसाच्या ओळखीचा भाग असलेले, अशी विभागणी माझ्या मते चेहऱ्याच्या प्रत्येक रिटचिंगमध्ये असायला हवी. तिळाला हात लावण्याआधी खरे तर विचारायलाच हवे. पण ग्राहकाने काढायला सांगितले असले तरी ते काम ‘तीळ’ नावाच्या स्वतंत्र लेयरवर करावे. मुंडावळ्यांत अडकलेले सुटे केस तिसऱ्या लेयरवर काढावेत. व्रण, काळी वर्तुळे, सुरकुत्या यांसाठीही असाच वेगळा लेयर घेतला तर त्याची ओपॅसिटी 60 टक्क्यांवर आणून त्या फक्त सौम्य करता येतात, जे पूर्ण पुसण्यापेक्षा बहुधा चांगलेच दिसते.

मास्क: खोडण्याऐवजी झाकणे

आता हळदीचा पिवळेपणा. ‘डाग’, ‘तीळ’ आणि ‘केस’ या तिन्ही लेयरच्या वर Hue/Saturation अॅडजस्टमेंट लेयर घ्यावा, रंगांच्या यादीतून Yellows निवडावे, सॅच्युरेशन सुमारे −35 आणि ह्यू सुमारे −8 करावा. ह्यू उणे केल्याने पिवळा रंग नारिंगीकडे, म्हणजे त्वचेच्या बाजूला सरकतो. मान सुधारते, पण त्याच वेळी नथीचे सोने, जर आणि कपाळावरची चमक सगळेच मळकट होते, कारण त्यांचा रंगही पिवळ्यातच मोडतो.

म्हणून त्या लेयरचा मास्क निवडून Ctrl+I दाबावे. मास्क काळा होतो आणि परिणाम सगळीकडून नाहीसा होतो. मग मऊ कडेचा ब्रश घेऊन, पांढरा रंग निवडून आणि फ्लो 10 टक्क्यांच्या आसपास ठेवून फक्त मानेवर व कानामागे हळूहळू रंगवावे. जास्त झाले तर X दाबून काळ्या रंगावर जावे आणि तेवढाच भाग मागे घ्यावा. मास्कमध्ये काहीही खोडले जात नाही. पांढरे दिसते, काळे लपते आणि मधल्या करड्या छटा अर्धवट दिसतात.

मास्क तपासण्यासाठी तीन सवयी उपयोगी पडतात. Alt दाबून मास्कवर क्लिक केल्यास फोटोऐवजी मास्कच पडद्यावर दिसतो, आणि ब्रशने मध्येच राहून गेलेली भोके लगेच नजरेला येतात. Shift दाबून क्लिक केल्यास मास्क तात्पुरता बंद होतो. बॅकस्लॅशची कळ दाबल्यास झाकलेला भाग लाल दिसतो, ज्यामुळे मानेवरचा मास्क मंगळसूत्राच्या सोन्यावर सांडला आहे का ते कळते.

मास्कची कड मऊ करायची असेल तर त्याच्यावर ब्लर फिल्टर लावू नये. प्रॉपर्टीज पॅनेलमध्ये Feather आणि Density असे दोन स्लायडर असतात. Feather कड विरळ करतो, Density काळ्याची धार कमी करतो, आणि दोन्ही केव्हाही शून्यावर किंवा शंभरावर परत नेता येतात. ब्लर मारलेला मास्क पुन्हा तीक्ष्ण करता येत नाही. तसेच राइट क्लिकच्या मेनूतले Apply Layer Mask हे नाव निरुपद्रवी वाटले तरी पिक्सेल लेयरवर त्याचा अर्थ ‘झाकलेला भाग खोडून टाक’ असा होतो.

कपाळाची चमक आणि गालांवरचे उंचसखल भाग यांसाठी डॉज आणि बर्न टूल वापरायचे नाही, कारण ते थेट पिक्सेल बदलते. त्याऐवजी दोन Curves लेयर घ्यावेत: एकात रेषेचा मधला बिंदू थोडा वर उचललेला, दुसऱ्यात थोडा खाली ओढलेला. दोघांचे मास्क काळे करावेत आणि ब्लेंड मोड Luminosity ठेवावा, नाहीतर गडद करताना त्वचा लालसर होत जाते. नंतर 3 ते 5 टक्के फ्लोने रंगवावे. यासाठी 50 टक्के करड्या रंगाचा Soft Light लेयरही अनेक जण वापरतात आणि तोही काढून टाकता येतोच. पण Curves चा फायदा असा की रंगवून झाल्यानंतरही रेषा हलवून सगळ्या परिणामाची ताकद एकदम कमीजास्त करता येते.

जरीसाठी रॉची दुसरी प्रत

खांद्यावरच्या जरीला आता कमी एक्सपोजरची गरज आहे, आणि पायाला हात लावायचा नाही असे आपण ठरवले आहे. अशा वेळी पायाच्या लेयरवर राइट क्लिक करून New Smart Object via Copy निवडावे. इथे Ctrl+J चालणार नाही. त्याने तयार झालेली प्रत मूळ ऑब्जेक्टशी जोडलेलीच राहते, त्यामुळे एकीच्या कॅमेरा रॉ सेटिंग्ज बदलल्या की दुसरीच्याही बदलतात. via Copy ने मिळालेली प्रत स्वतंत्र असते.

ही प्रत हीलिंगच्या तिन्ही लेयरच्या वर, पण अॅडजस्टमेंट लेयरच्या खाली आणावी. डबल क्लिक करून हायलाइट्स आणि एक्सपोजर खाली आणावे, जरीची वीण दिसू लागली की OK करावे, काळा मास्क लावून फक्त जरीपुरता पांढरा रंगवावा. लेन्सची दुरुस्ती दोन्ही प्रतींत एकसारखी असलीच पाहिजे; एकीत असेल आणि दुसरीत नसेल तर चित्र काही पिक्सेलनी सरकते आणि जरीच्या कडेला दुहेरी रेषा दिसते.

स्मार्ट फिल्टर आणि त्याची मर्यादा

ब्लाउजची बाही एके ठिकाणी फुगलेली आहे, ती Liquify ने बसवायची आहे. Liquify पिक्सेलवरच चालते, आणि आपल्याकडे एकाच फोटोचे रॉ, तीन हीलिंग लेयर आणि जरीची प्रत असे पाच थर झाले आहेत. Ctrl+Alt+Shift+E दाबून सगळ्याचा एक नवा एकत्रित लेयर बनवणे हा प्रचलित मार्ग आहे. तो मी टाळायलाच सांगेन, कारण तो लेयर तयार झाला की त्याखालचे सगळे झाकले जाते. खाली तीळ परत आणला तरी वर तो दिसत नाही.

त्याऐवजी खालचे पाचही लेयर एकत्र निवडून Convert to Smart Object करावे. ते पाकिटात घातल्यासारखे एका लेयरमध्ये जातात आणि आत जसेच्या तसे राहतात. या नव्या ऑब्जेक्टवर लावलेले Liquify स्मार्ट फिल्टर म्हणून लेयरखाली नावानिशी दिसते, डोळ्याच्या खुणेने बंद होते आणि नावावर डबल क्लिक केल्यास पुन्हा उघडते. आतले काही बदलायचे असेल तर ऑब्जेक्टच्या थंबनेलवर डबल क्लिक करावे. आतले लेयर वेगळ्या खिडकीत उघडतात. बदल करून Ctrl+S दाबावे आणि खिडकी बंद करावी, की बाहेरच्या फाइलमध्ये तो उतरतो आणि Liquify त्याच्यावर आपोआप पुन्हा चालते. Save As मात्र करू नये, नाहीतर बदल दुसऱ्याच फाइलमध्ये जातो आणि मूळ फाइल जुनीच राहते.

दोन मर्यादा माहीत हव्यात. एका स्मार्ट ऑब्जेक्टवर कितीही फिल्टर लावले तरी त्या सगळ्यांना मिळून एकच मास्क असतो. बाहीला एक आणि पार्श्वभूमीच्या ब्लरला दुसरा असे जमत नाही. दुसरी मर्यादा अशी की Liquify ने बाही आत सरकली तरी वरच्या अॅडजस्टमेंट लेयरचे मास्क जागचे हलत नाहीत. म्हणून आकाराचे काम, शक्य असेल तर, मास्क रंगवण्याआधीच उरकावे, आणि नंतर केल्यास त्या कडेचे मास्क 100 टक्के झूमवर पुन्हा पाहावेत.

फ्रीक्वेन्सी सेपरेशनबद्दल विचारणा होईलच म्हणून सांगतो. त्यात फोटोचे पोत आणि रंग अशा दोन पूर्ण प्रती बनतात आणि काम त्या प्रतींवर होते. लेयर वेगळे असल्याने ते सुरक्षित वाटते, पण प्रती पायापासून तुटलेल्या असतात आणि आतल्या दुरुस्त्या एकमेकींपासून सुट्या करता येत नाहीत. कपड्यावरच्या चुण्यांसाठी ते ठीक. चेहऱ्यासाठी दोन Curves लेयरचे संथ कामच बरे.

उलट चालून तपासणे

काम संपल्यावर वरून खाली एकेक लेयर बंद करत यावे. अॅडजस्टमेंट लेयर बंद करताना कोणत्याही टप्प्यावर चेहऱ्यावर ठिगळ उमटले, तर कुठल्यातरी हीलिंगने वरचा रंग उचलला आहे असे समजावे. अगदी पुसट जोड दिसावेत म्हणून सर्वांत वर तात्पुरता Curves लेयर घेऊन रेषा दोन-तीनदा जोरात वरखाली वळवावी. रंग विचित्र होतात, पण सपाट वाटणाऱ्या त्वचेतले तुकडे स्पष्ट उठून दिसतात. तपासून झाले की तो लेयर काढून टाकावा.

आता समजा नवरीच्या घरून तीन निरोप आले: तीळ हवा आहे, चेहरा फार गुळगुळीत वाटतो, आणि हळदीचा रंग थोडा राहू द्या, तो छान दिसत होता. तिळासाठी पाकीट उघडून ‘तीळ’ लेयरचा डोळा बंद करायचा आणि Ctrl+S दाबायचे. गुळगुळीतपणासाठी दोन्ही Curves लेयर एका ग्रुपमध्ये घालून ग्रुपची ओपॅसिटी 70 टक्के करायची. हळदीसाठी Hue/Saturation मधले सॅच्युरेशन −35 वरून −15 वर आणायचे. मास्कला हात लावायची गरज नाही. पाच मिनिटांचे काम आहे, आणि उरलेल्या एकाही दुरुस्तीला धक्का लागत नाही. हाच निरोप काम सपाट केलेल्या फाइलवर आला असता तर पुन्हा रॉपासून सुरुवात करावी लागली असती.

घरच्यांत दोन मते असतील, तर Window > Layer Comps मध्ये दोन अवस्था नावानिशी साठवता येतात. त्यात लेयर दिसतो की लपतो, त्याची जागा आणि त्याची ओपॅसिटी यांची नोंद राहते; अॅडजस्टमेंटच्या स्लायडरचे आकडे किंवा मास्कवरचे रंगकाम मात्र नोंदले जात नाही. त्यामुळे दोन प्रकारची हळद दाखवायची असेल तर दोन वेगळे लेयरच ठेवावेत.

फाइल जपणे आणि प्रत बाहेर काढणे

या पद्धतीची किंमत फाइलच्या आकारात मोजावी लागते. 24 मेगापिक्सेलचा 16 बिटांचा एक पूर्ण भरलेला आरजीबी लेयर मेमरीत सुमारे 144 एमबी घेतो. रिकाम्या लेयरवरचे हीलिंग त्यामानाने नगण्य असते, आणि अॅडजस्टमेंट लेयरचा भार मुख्यतः त्याच्या मास्कचा. स्मार्ट ऑब्जेक्टच्या एकात एक पातळ्या मात्र झपाट्याने वजन वाढवतात, म्हणून एका पाकिटात दुसरे आणि त्यात तिसरे असे नाइलाज असेल तरच करावे. पीएसडी फाइल 2 जीबीच्या पुढे साठवता येत नाही; तिथे पीएसबी निवडावी.

अल्बमसाठी किंवा पाठवण्यासाठी प्रत काढताना मूळ फाइलवर Flatten Image कधीही करू नये. Image > Duplicate निवडून Duplicate Merged Layers Only वर खूण करावी. एकाच लेयरची सुटी प्रत उघडते. आकार बदलणे, 8 बिटांत आणणे, एसआरजीबी किंवा लॅबने दिलेल्या प्रोफाइलमध्ये रूपांतर करणे आणि शेवटचे शार्पनिंग हे सगळे तिच्यावर करावे. शार्पनिंग मुद्दाम इथे ठेवले आहे, कारण 12 बाय 36 इंचांच्या अल्बम पानाला लागणारी रेडियस मोबाइलच्या पडद्यासाठी भलतीच जाड ठरते. मूळ फाइलचा मोड सीएमवायकेमध्ये बदलणे तर पूर्णपणे टाळावे: बदलाच्या वेळी फोटोशॉप लेयर एकत्र करायचे का, स्मार्ट ऑब्जेक्ट रास्टराइझ करायचे का असे विचारते, आणि घाईत दिलेला एक होकार वरची सगळी मांडणी संपवतो. पीएसडी आणि जेपेगची नावे सारखी ठेवून जेपेगच्या नावापुढे फक्त तारीख जोडावी, म्हणजे ग्राहकाच्या हातात कोणती प्रत आहे आणि तिच्यानंतर मूळ फाइलमध्ये काय बदलले हे पुढच्या फोनच्या वेळी शोधत बसावे लागत नाही.